निधी विनियोग अहवाल : पूरपूर्व तयारी प्रकल्प, शिरोळ तालुका (१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५)

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, सीएसआर समिती

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीने आमच्या संस्थेला पूरपूर्व तयारीसाठी १२,००,००० रुपयांचे अनुदान दिले. त्यातील ७,२०,००० रुपये १२ एप्रिल २०२४ रोजी आणि ४,८०,००० रुपये १८ नोव्हेंबर २०२४ रोजी जमा झाले. प्रकल्पाचे बँक खाते स्वतंत्र आहे. त्यावर वर्षभरात १४,३१० रुपये व्याज मिळाले आणि तेही प्रकल्पाचेच धरले आहे. म्हणजे हिशेब द्यायचा आहे तो एकूण १२,१४,३१० रुपयांचा.

नृसिंहवाडी, कवठेगुलंद, आलास आणि खिद्रापूर या चार गावांतील जिल्हा परिषदेच्या आठ शाळा आणि गावांतील स्वयंसेवक गट यांच्यासाठी हे काम होते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठची ही गावे २०१९ आणि २०२१ साली पाण्यात गेली होती. त्यामुळे प्रकल्पाचा हेतू मंजुरीपत्रात स्पष्ट लिहिला आहे : पूर येण्याआधीची तयारी. पूर आल्यावरची मदत त्यात नाही. हा फरक पुढे एका खर्चाच्या बाबतीत महत्त्वाचा ठरला.

लेखाशीर्षानुसार मंजूर मर्यादा आणि झालेला खर्च असा (रुपयांत) :

| लेखाशीर्ष | मंजूर | खर्च | फरक |
|---|---|---|---|
| शाळांतील पाणी शुद्धीकरण यंत्रे | ३,२०,००० | ३,०८,००० | १२,००० शिल्लक |
| पुस्तके व दप्तरासाठी उंच रॅक | २,४०,००० | २,६१,६०० | २१,६०० जादा |
| स्वयंसेवक प्रशिक्षण व साहित्य | २,६०,००० | २,१७,३५० | ४२,६५० शिल्लक |
| कुटुंबांसाठी आपत्कालीन संच | १,८०,००० | १,७९,४०० | ६०० शिल्लक |
| समन्वयकाचे मानधन | १,३२,००० | १,२१,००० | ११,००० शिल्लक |
| प्रशासकीय खर्च | ६०,००० | ५४,८७० | ५,१३० शिल्लक |
| लेखापरीक्षण प्रमाणपत्र | ८,००० | ८,००० | – |
| एकूण | १२,००,००० | ११,५०,२२० | ४९,७८० शिल्लक |

एकाच शीर्षात मर्यादा ओलांडली गेली, ती रॅकमध्ये. अंदाजपत्रकात २४ रॅक प्रत्येकी १०,००० रुपयांना धरले होते. मे महिन्यात मोजमापासाठी शाळांत गेलो तेव्हा शिक्षकांनी २०२१ च्या पाण्याची भिंतीवरची खूण दाखवली. आमच्या मूळ रेखाचित्रातला वरचा कप्पा त्या खुणेच्या खाली येत होता. असे रॅक घेतले असते तर पहिल्या मोठ्या पुरातच जनरल रजिस्टर पुन्हा भिजले असते. म्हणून उंची वाढवली, भिंतीला अँगलने पक्के केले आणि दर नगामागे १०,९०० रुपये झाला. करारानुसार एखाद्या शीर्षात मूळ मर्यादेच्या १० टक्क्यांपर्यंत, एकूण अनुदानाच्या आत, पूर्वपरवानगीशिवाय वाढ करता येते. येथे ती २४,००० रुपये होती आणि आम्ही ९ टक्क्यांवर थांबलो. बदलाचा ठराव विश्वस्त मंडळाने खरेदीआधी केला आणि त्याच आठवड्यात आपल्याला ईमेलने कळवला. पाच शाळांत जूनअखेर रॅक बसले. उरलेल्या तिन्हींत दुसरा हप्ता आल्यानंतर डिसेंबरमध्ये बसवले.

पाण्याची आठ यंत्रे प्रत्येकी ३८,५०० रुपयांना घेतली. तीन दरपत्रके मागवली होती, त्यातले सर्वांत कमी दराचे घेतले नाही. त्यात पहिल्या दोन वर्षांची देखभाल धरलेली नव्हती, आणि फिल्टर बदलला नाही की शाळेतली यंत्रे कोपऱ्यात पडून राहतात, हे आम्ही आधी पाहिले आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या दरात देखभाल होती. यंत्रे आणि रॅक शाळांच्या जडसंग्रह नोंदवहीत चढवले असून मुख्याध्यापकांच्या पोचपावत्या सोबत आहेत. या वस्तूंवर संस्थेची मालकी नाही.

आपत्कालीन संच २३० होते, प्रत्येकी ७८० रुपयांचे. टॉर्च, शिट्टी, दोरी, ओआरएस, पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि रेशनकार्ड-सातबारा ठेवायला झिपची जाड पिशवी. सगळे जूनमध्येच वाटले.

प्रशिक्षणाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. सहा शिबिरे ठरली होती, पाच झाली. खर्च असा : ६० लाइफ जॅकेट ८७,०००, प्रशिक्षकांचे मानधन ४८,०००, जेवण व प्रवास ५३,३५०, दोर, शिट्ट्या व प्रथमोपचार पेट्या २९,०००. सहावे शिबिर राहून गेले कारण जुलैअखेर खराच पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि शिबिरात शिकलेली मुले जॅकेट घालून प्रत्यक्ष कामाला लागली. नंतर सुगी, मग परीक्षा, असे करत ते शिबिर मार्चअखेर होऊ शकले नाही.

त्याच दिवसांतली एक चूक येथे नोंदवतो. २७ जुलै रोजी नावेचे भाडे, डिझेल आणि स्थलांतरितांच्या जेवणापोटी २३,४०० रुपये तातडीने द्यावे लागले आणि ते प्रकल्पाच्या खात्यातून गेले. खर्च गरजेचा होता, पण तो या अनुदानाचा नव्हता. ‘स्वयंसेवक प्रशिक्षण’ या शीर्षात तो बसवता आला असता, जागाही शिल्लक होती. तसे केले नाही. ६ ऑगस्ट रोजी ही रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून प्रकल्प खात्यात परत भरली. बँक उताऱ्यात दोन्ही नोंदी दिसतात आणि वरील तक्त्यात हा खर्च कोठेही नाही. तसेच रॅक वाहतुकीच्या एका टेंपो फेरीची पावती मिळाली नाही, म्हणून ते १,८५० रुपयेही संस्थेने सोसले. तेव्हापासून प्रकल्प खात्यातून पैसे काढायला दोन विश्वस्तांची संमती लागते.

मानधनात शिल्लक आहे कारण समन्वयक मेपासून रुजू झाल्या. ११,००० रुपये महिना याप्रमाणे अकरा महिन्यांचे मानधन थेट त्यांच्या बँक खात्यात दिले. प्रशासकीय खर्च करारातील ५ टक्के मर्यादेच्या आत आहे. त्यात कार्यालयाचे भाडे धरलेले नाही. एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख कोठेही दिलेली नाही.

अखर्चित अनुदान ४९,७८० आणि व्याज १४,३१० मिळून ६४,०९० रुपये उरतात. हा प्रकल्प आपण चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार अशा प्रकल्पाची अखर्चित रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत आपल्याला विशेष खात्यात वळवावी लागते. आपल्या हाती वेळ राहावा म्हणून पूर्ण ६४,०९० रुपये आम्ही १७ एप्रिल २०२५ रोजी एनईएफटीने परत पाठवले आहेत. प्रकल्प खात्यात आज शून्य शिल्लक आहे.

आमची विनंती एवढीच की यातील ४२,६५० रुपये सहाव्या शिबिरासाठी पुन्हा मंजूर करावेत. खिद्रापूरच्या गटाला अजून नाव हाताळण्याचे प्रशिक्षण मिळालेले नाही. मंजुरी १५ मेपर्यंत मिळाली तर पावसाआधी ते घेता येईल. नदी भरल्यावर नवख्या मुलांना पाण्यात उतरवण्याची आमची तयारी नाही.

सोबत : सनदी लेखापालांचे उपयोगिता प्रमाणपत्र, प्रकल्प खात्याचा बँक उतारा, शीर्षानुसार क्रमांक घातलेली बिले, तिन्ही दरपत्रके, शाळांच्या पोचपावत्या, संच मिळालेल्या कुटुंबांच्या सह्यांची यादी, शिबिरांची हजेरीपत्रके.

आपला विश्वासू,
खजिनदार, विश्वस्त मंडळाकरिता
कोल्हापूर, २१ एप्रिल २०२५