गल्लीतल्या पाण्याच्या नोंदी : प्रकल्प अहवाल, भाग १ – पार्श्वभूमी

हा अहवाल वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आमची गल्ली पाहिलेली नाही, किंवा पाहिली असली तरी कोरड्या दिवसांत. म्हणून तक्त्यांच्या आधी जागेची आणि मूळ वादाची माहिती देत आहोत.

गल्ली परळमध्ये, हिंदमाता चौकापासून पायी पाच-सात मिनिटांवर आहे. तीन चाळी, मधला चौक, तोंडाशी पिठाची गिरणी. तळमजल्यावर २२ बिऱ्हाडे राहतात. चाळींची जोती एकेकाळी रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच होती. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि खालची पायरी रस्त्यातच गडप झाली. आता घर आणि पाणी यांच्यामध्ये एकच पायरी उरली आहे. पुढे जिथे ‘पायरीला पाणी लागले’ असे लिहिले आहे, तिथे हीच पायरी समजावी.

हिंदमाता परिसर भोवतालापेक्षा खोलगट, बशीसारखा आहे. चहूकडून पाणी इथे उतरते आणि पर्जन्यजलवाहिन्यांतून पूर्व किनाऱ्याकडे जाते. मुंबईच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेतील अशा हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याची शिफारस १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात झाली. त्या कामाला खरी निकड आली ती २६ जुलै २००५नंतर. पुढे रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र झाले, आणि अलीकडे हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी परळ व दादरला जमिनीखाली टाक्या बांधल्या गेल्या. या कामांचा आम्हाला फायदा झाला आहे आणि तो आम्ही मोकळेपणाने नोंदवतो. तरीही काही दिवशी पायरीला पाणी लागतेच.

वाद त्यानंतर सुरू होतो. रहिवासी म्हणतात, चेंबर तुंबले होते. तक्रार नेली की उत्तर मिळते, भरती होती. दोन्ही खरे असू शकते. समुद्राची पातळी वाहिनीच्या मुखापेक्षा वर गेली की पाणी आपोआप बाहेर पडत नाही. ते पंपाने उपसावे लागते. पण भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि प्रत्येक भरती सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. त्यामुळे ‘त्या दिवशी भरती होती’ हे वाक्य कोणत्याही दिवशी खरेच ठरते. पाणी नेमके किती वाजता चढले आणि किती वाजता उतरले, हे सांगता आल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. आमच्याकडे मोबाइलवरचे फोटो भरपूर होते. ते एकमेकांना पाठवता पाठवता त्यांवरची वेळ हरवून गेली होती.

वेळ होती ती एकाच ठिकाणी. मधल्या चाळीतल्या एका आजींनी कित्येक वर्षे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या-त्या तारखेच्या चौकटीत, पेन्सिलने लिहून ठेवले होते : ‘पाणी आत, पहाटे ४’, ‘दुपारी १ ला ओसरले, लाइट नाही’. त्याच चौकटीत तिथीही छापलेली असते. ती पाने आम्ही जमिनीवर पसरून पाहिली, तेव्हा काही नोंदी अष्टमी-नवमीच्या निघाल्या, म्हणजे उधाण नसताना पाणी आत आले होते. एवढ्यावरून चेंबरला दोष देता येत नाही, कारण त्या वेळी पाऊस किती जोराचा होता हे आजींना कळणे शक्य नव्हते. पण वाद मोजून मिटवता येईल, हे आम्हाला त्या पानांनी दाखवले. या प्रकल्पाचे मूळ त्यांचेच आहे.

पाऊस गल्लीतच का मोजला, असाही प्रश्न येईल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नव्हता. एकाच शहरात एवढा फरक पडत असेल, तर दूरच्या केंद्राचा आकडा आमच्या पायरीला लावता येणार नाही. म्हणून गच्चीवर साधे पर्जन्यमापक बसवले, पाच ठिकाणी भिंतीवर सेंटिमीटरच्या पट्ट्या रंगवल्या, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस सुरू असताना दर पंधरा मिनिटांनी पातळी लिहिली. रात्रीच्या पाळ्या मुख्यतः कॉलेजच्या मुलामुलींनी केल्या.

पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी या अहवालात घेतलेल्या नाहीत. त्या वेळी प्रत्येक पट्टीचे शून्य त्या-त्या ठिकाणच्या जमिनीवर धरले होते आणि जमीन सपाट नाही. नंतर पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढली आणि पाचही पट्ट्यांचे शून्य गिरणीसमोरच्या चेंबरच्या झाकणाशी जुळवले. त्या झाकणापासून आमची पायरी ३१ सेंटिमीटर उंच आहे. पुढचे सर्व तक्ते याच मापाने वाचावेत.