४५ मिमी पिस्टन रॉड : आपण करायचा की बाहेरून घ्यायचा

प्रति : मा. संचालक साहेब
प्रत : पर्चेस, क्वालिटी, अकाउंट्स
प्रेषक : प्रॉडक्शन मॅनेजर, शिरोली एमआयडीसी
दिनांक : 8 डिसेंबर 2025

साहेब,

ट्रॉलीच्या टिपिंग सिलिंडरला लागणारा ४५ मिमी रॉड आज आपण गोकुळ शिरगावच्या एकाच वेंडरकडून पूर्ण तयार घेतो. मागच्या बैठकीत दोन मते पुढे आली होती. पर्चेसचे म्हणणे, चालू आहे ते चालू द्या. तुमचे म्हणणे, क्रोम टाकीसकट सगळे आपल्या छताखाली आणा. दोन्ही बाजूंचे आकडे तपासल्यावर माझे मत असे झाले आहे : ग्राइंडिंग आपल्या हातात घ्यावे, क्रोम प्लेटिंग आणि इंडक्शन हार्डनिंग बाहेरच ठेवावे, आणि टर्निंग हंगामानुसार वाटून घ्यावे. म्हणजे रॉड अख्खा आत किंवा अख्खा बाहेर न ठेवता मधल्या एका ऑपरेशनवर पकड ठेवायची. कारणे पुढे देतो.

तक्रारी कुठून येतात

डिसेंबर 2024 ते नोव्हेंबर 2025 या वर्षात 9,600 सिलिंडर गेले. वॉरंटीत गळतीच्या 212 तक्रारी आल्या. क्वालिटीने प्रत्येक सिलिंडर खोलून पाहिला. 47 ठिकाणी सील बसवण्यात चूक होती, 34 ठिकाणी तेलात घाण होती. उरलेल्या 131 मध्ये दोष रॉडच्या पृष्ठभागात होता. त्यातले 74 रॉड क्रोम पातळ असल्यामुळे गंजले होते, 38 वर ग्राइंडिंगचे चॅटर होते, 19 वाकलेले होते.

त्या 74 रॉडकडे जरा बारकाईने पाहायला हवे. ड्रॉइंगवर तयार माप ४५ एफ७ आहे, म्हणजे 44.950 ते 44.975 मिमी. इनवर्डला आपण मायक्रोमीटरने तेवढेच तपासतो, आणि हे सगळे रॉड मापात होते. मग क्रोम पातळ कसे? प्लेटिंगच्या आधी रॉड जास्त व्यासाचा राहिला, की माप साधण्यासाठी क्रोम कमी चढवावे लागते. उलट ग्राइंडिंगमध्ये माप खाली गेले, तर जाड क्रोम चढवून ते भरून काढता येते. दोन्ही वेळा वरचे माप बरोबरच दिसते. आपल्याला क्रोम २५ ते ३० मायक्रॉन हवे, तर खराब रॉडवर ते १५ च्याही खाली निघाले. चॅटरचेही तसेच आहे. क्रोम खालच्या पृष्ठभागाची नक्कल करतो. खाली लाटा असतील तर वर चकाकणाऱ्या लाटा येतात आणि त्या सीलची कड कुरतडतात.

म्हणून प्लेटिंगआधीचे माप आणि फिनिश हाच या रॉडचा जीव आहे. ते 44.910 ते 44.920 मध्ये आणि खरखरीतपणा ०.३ मायक्रॉनच्या आत आला, तर २५ ते ३० मायक्रॉन क्रोम आणि हलके पॉलिश होऊन रॉड आपोआप एफ७ मध्ये बसतो. प्लेटरला मापाशी खेळायला जागाच राहत नाही.

क्वालिटीचा प्रश्न रास्त होता : जाडी मोजायचा गेज घ्या आणि इनवर्डलाच रॉड नाकारा, मशीन कशाला? गेज तर घ्यायचाच आहे, पोलादावरचा क्रोम रॉड न कापता मोजता येतो. पण सप्टेंबरमध्ये 300 रॉड नाकारले तर बदली 300 कोण देणार? तो वेंडर सोडून दुसरे कोणी नाही. गेल्या हंगामात हेच झाले. असेंब्ली थांबलेली, गिऱ्हाईक गेटवर, आणि आपण डेव्हिएशनवर सही करून माल आत घेतला. दुसरी सोय नसताना इन्स्पेक्शन कागदावरच राहते. त्यामुळे क्वालिटी आणि एका वेंडरवरचे अवलंबन हे दोन वेगळे मुद्दे मी मानत नाही.

वेंडर आणि नदी

वेंडर माणूस म्हणून चांगला आहे, अडचणीत रात्री टेम्पो पाठवतो. पण त्याच्याकडे आपल्यापेक्षा मोठे गिऱ्हाईक आहे आणि सप्टेंबरमध्ये त्याने त्यांचा माल आधी काढला. त्याच्या जागी आपणही तेच केले असते.

शिवाय तो पंचगंगेच्या दक्षिणेला आणि आपण उत्तरेला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुराने महामार्ग बंद पडला होता. आपली मागणी जुलै ते ऑक्टोबर याच काळात चढते, कारण ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या गळिताच्या आधी तयार व्हाव्या लागतात. पूर आणि हंगाम एकाच वेळी येतात, हे गृहीत धरूनच बेत करायला हवा.

कपॅसिटी

जुलै ते ऑक्टोबर महिन्याला 1,300 रॉड लागतात, उरलेले आठ महिने सरासरी 550. एका रॉडच्या टर्निंगला १२ मिनिटे जातात. म्हणजे हंगामात महिन्याला 260 तास, एरवी 110. आपल्या दोन सीएनसीवर एरवी 180 तास मोकळे असतात, पण हंगामात ग्लँड आणि पिस्टन यांमुळे जेमतेम 40 तास निघतात. त्या 40 तासांत 200 रॉड होतील. उरलेल्या 1,100 साठी नवी सीएनसी घेतली तर ती आठ महिने झाकून ठेवावी लागेल. शिरोलीतच टर्निंगची शॉप्स भरपूर आहेत. आपला बार देऊन जॉबवर्कवर करून घेणेच शहाणपणाचे.

ग्राइंडिंगचे गणित वेगळे पडते. रॉडला ८ मिनिटे, म्हणजे हंगामात 173 तास आणि एरवी 73. एक सेंटरलेस ग्राइंडर एका शिफ्टमध्ये, सेटिंग आणि ड्रेसिंग वजा जाता, 166 तास देतो. चार महिने थोडा ओव्हरटाइम लागेल, एवढेच. एरवीच्या रिकाम्या वेळेत ३२ मिमीचा रॉडही त्यावर घेता येईल, पण तो फायदा मी हिशोबात धरलेला नाही.

क्रोम टाकी आत का नको

साहेब, तुमचा आग्रह समजतो. पण टाकी म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत हे काम लाल गटात मोडते. वेगळी संमती, सांडपाण्यावर प्रक्रिया, धुराचा स्क्रबर, कामगारांची वैद्यकीय तपासणी, आणि गाळ अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवून त्याची नोंद. आपल्या 9,600 रॉडवर हा सगळा डोलारा पोसला जात नाही. आणि पंचगंगेच्या काठच्या गावाला तोंड द्यायचे असेल तर हे काम अर्धवट तयारीने करता येत नाही, आपण ते करू नये.

खर्च

पर्चेसच्या तक्त्यात आपला रॉड ₹1,910 ला आणि वेंडरचा ₹1,860 ला पडतो. त्या ₹1,910 मध्ये शेडचे भाडे, ऑफिसचे पगार आणि सिक्युरिटीही वाटून टाकली आहे. रॉड कुठेही झाला तरी तो खर्च होणारच. या निर्णयाने जो खर्च बदलतो तेवढाच धरला तर चित्र असे :

| बाब | प्रति रॉड ₹ |
|---|---|
| ईएन८ बार, 12.8 किलो | 950 |
| टर्निंग, आतले-बाहेरचे मिळून सरासरी | 98 |
| इंडक्शन हार्डनिंग | 90 |
| ग्राइंडिंग : ऑपरेटर, वीज, व्हील, कूलंट | 62 |
| क्रोम, दोन प्लेटर मिळून सरासरी | 318 |
| पॉलिश | 35 |
| तपासणी, वाहतूक, नेहमीचे रिजेक्शन | 75 |
| एकूण | 1,628 |

फरक ₹232, वर्षाला सुमारे ₹22.3 लाख. त्यातून वजा करायचे : ग्राइंडर पाया-वीजजोडणीसह ₹24 लाख आणि मोजमापाची साधने ₹3.2 लाख, यांचे व्याज ₹2.7 लाख आणि घसारा ₹2.7 लाख. एक जादा इन्स्पेक्टर ₹3.6 लाख. बार आणि तयार रॉडच्या साठ्यात अडकणाऱ्या ₹14 लाखांचे व्याज ₹1.4 लाख. हा शेवटचा आकडा सहज विसरला जातो. आज वेंडर आपल्याला ४५ दिवसांची उधारी देतो, उद्या पोलादाचे पैसे १५ दिवसांत द्यावे लागतील. एकूण ₹10.4 लाख वजा जाऊन ₹11.9 लाख उरतात.

पहिल्या वर्षी एवढे मिळणार नाहीत. सेटिंग बसेपर्यंत जादा रिजेक्शन ४ टक्के धरले, तर 384 रॉड आणि जवळपास ₹5.8 लाख जातील. म्हणजे पहिल्या वर्षाची बचत ₹6 लाखांच्या आसपास. वर्षाला 4,500 रॉडच्या खाली मागणी गेली तर बचत संपते. दुष्काळी वर्षातही आपण 6,000 च्या खाली गेलेलो नाही.

बचत नसती तरी मी ग्राइंडरच मागितला असता. गळतीची तक्रार मिटवायला सील किट, माणूस आणि प्रवास धरून सरासरी ₹1,150 लागतात. त्यापेक्षा ऐन गळितात शेतात उभी राहिलेली ट्रॉली आपल्याला महाग पडते. तो शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्याचा सिलिंडर मागतो.

वाटणी

आजच्या वेंडरला तोडायचे नाही. त्याची स्वतःची क्रोम टाकी आहे. प्लेटिंगचे 70 टक्के काम ₹306 दराने त्याच्याकडे ठेवू, 30 टक्के भोसरीच्या प्लेटरला देऊ. भाड्यासकट तो ₹346 ला पडतो. दोघांनाही आपण मोजून, नंबर टाकून रॉड देऊ आणि परत आल्यावर जाडी मोजूनच घेऊ. प्लेटिंगनंतर रॉड भट्टीत तापवून हायड्रोजन काढल्याचा बॅच रेकॉर्ड दोघांकडूनही लागेल. 60 मिमी आणि त्यावरचे रॉड पूर्वीप्रमाणे त्याच्याकडूनच तयार येतील. हे त्याला आपण स्वतः भेटून सांगावे, पीओ कमी झाल्यावरून त्याला कळू नये. वेंडर लघुउद्योगात नोंदलेला आहे, त्यामुळे जॉबवर्कचे बिलही ४५ दिवसांच्या आत चुकते व्हायला हवे.

दरवर्षी १० जुलैच्या आत १५ दिवसांचे, म्हणजे 650 प्लेटेड रॉड नदीच्या अलीकडे, आपल्या शेडमध्ये असतील.

एक धोका उरतो तो माणसांचा. सेंटरलेसवर मुरलेला ऑपरेटर सहज मिळत नाही आणि मिळाला तर टिकतोच असे नाही. एका वेंडरऐवजी एका ऑपरेटरवर अवलंबून राहायचे नसेल, तर पहिल्या दिवसापासून दोघे तयार करावे लागतील. आपल्या शॉपमधले दोघे मी मनाशी धरले आहेत. त्यांना मशीन पुरवणाऱ्याकडे आधी ट्रेनिंगला पाठवावे.

मंजुरी हवी ती अशी. जाडीचा गेज आणि रफनेस टेस्टर याच महिन्यात, ग्राइंडरचा निकाल काहीही लागला तरी. ग्राइंडरची ऑर्डर १५ जानेवारीपर्यंत, म्हणजे मशीन एप्रिलमध्ये बसेल आणि मे-जूनच्या कमी मागणीत ट्रायल होतील. भोसरीच्या प्लेटरकडे फेब्रुवारीत 50 रॉडची ट्रायल. जूनअखेर सलग तीन बॅचमध्ये प्लेटिंगआधीचे माप 98 टक्के रॉडवर बसले नाही, तर 2026 चा हंगाम वेंडरच्या तयार रॉडवरच काढू. त्यासाठी ऑक्टोबरपर्यंतचा रेट कॉन्ट्रॅक्ट आत्ताच त्याच्याशी करून ठेवावा.

आपला,
प्रॉडक्शन मॅनेजर