विषय: कार्यालयीन वेळेबाहेर फ्रीलान्स काम करण्याच्या परवानगीबाबत

मॅडम,

एका बालपुस्तक प्रकाशकाने मला 3 पुस्तकांची चित्रं आणि मांडणी करण्याबद्दल विचारलं आहे. माझ्या नेमणूकपत्रातल्या अटीप्रमाणे होकार देण्याआधी आपली लेखी परवानगी हवी. अजून आगाऊ रक्कम घेतलेली नाही.

काम चार महिन्यांचं, शनिवार-रविवार मिळून 6 तास. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स माझं स्वतःचं असेल.

आपण बँकांसाठी अ‍ॅप डिझाइन करतो, त्यामुळे आज थेट स्पर्धा नाही. पण एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या प्रकाशकाला पुढे वाचनाचं अ‍ॅप काढायचं आहे. ते काम मी घेणार नाही, आणि ते आपल्याकडे आलंच तर त्या टीममधूनही मला बाहेर ठेवावं. आपले आयकॉन, टेम्प्लेट, ग्राहकांची माहिती यातलं काहीही तिकडे जाणार नाही. रिलीजच्या आठवड्यात ऑफिसचंच काम आधी, हे त्यांना सांगून ठेवलंय.

त्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. एचआरला जरूर दाखवा.

आपली,
मेघना
सीनियर डिझायनर