एस. वाय. बी.एस्सी. : २९ सप्टेंबरच्या नोटिशीप्रमाणे कोणी, काय, कधी करायचंय

सगळ्यांनो, आज शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५. दसऱ्याच्या आधी लागलेली परीक्षा विभागाची नोटीस आज दुपारी फलकावर पाहिली. दोन्ही फोटो वर टाकलेत. पहिल्या फोटोत खालचा भाग रक्तदान शिबिराच्या कागदाखाली झाकलाय, म्हणून तो कागद वर उचलून दुसरा काढला. दोन्ही एकत्र वाचा.

नोटीस अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत आहे. आपल्याला वाटतं, एकच मजकूर दोनदा दिलाय. तसं नाही. काही गोष्टी फक्त इंग्रजी भागात आहेत आणि त्या नेमक्या अडवणाऱ्या आहेत. शिवाय मुद्दे ऑफिसच्या सोयीने लावलेत. सगळ्यात आधी करायचं काम सर्वांत खाली, सातव्या मुद्द्यात आहे. म्हणून मी खाली तारखेप्रमाणे लावून दिलंय. जे नोटिशीत नाही, मी विचारून आले किंवा माझ्याकडून सांगतेय, तिथे तसं लिहिलंय.

शनिवार ४ आणि रविवार ५ ऑक्टोबर (सर्वांनी, घरबसल्या)

एबीसी आयडी तयार ठेवा. बारा आकडी असतो. परीक्षेच्या अर्जात तो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही, असं सातव्या मुद्द्यात इंग्रजीत आहे. गेल्या वर्षी काढला असेल तर डिजिलॉकरमध्ये लॉगिन करून बघा, नवीन काढू नका. त्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का, तेही बघा. आधारवर वडिलांचं नाव नसेल आणि मार्कशीटवर असेल, तर सोमवारी ऑफिसात दाखवा.

स्कॉलरशिप घेणाऱ्यांनी आजच घरातला उत्पन्नाचा दाखला काढून त्याची तारीख वाचा. मराठी भागात स्पष्ट लिहिलंय, दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध हवा. इंग्रजी भागात नुसतं 'व्हॅलिड इन्कम सर्टिफिकेट' आहे, त्यामुळे गैरसमज होऊ शकतो. गेल्या वर्षीच्या दाखल्यावर ३१ मार्च २०२५ असेल तर तो संपलाय. नवीन दाखला हातात यायला आठ-पंधरा दिवस सहज जातात आणि आपल्याकडे १४ तारखेपर्यंत अकराच दिवस आहेत. तहसील शनिवार-रविवार बंद असली तरी महा ई-सेवा केंद्र उघडं असतं, तिथे अर्ज उद्याच भरा. तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल, शिधापत्रिका, वडिलांचं आधार सोबत न्या. घरी सोयाबीनची काढणी चालू आहे, वडिलांना वेळ नाही, हे माझ्याही घरी आहे. पण या एका कामासाठी त्यांना अर्धा दिवस मागून घ्या.

बुधवार ८ ऑक्टोबर, दुपारी २ पर्यंत (फक्त हजेरी कमी असलेल्यांनी)

नोटिशीला मागे एक यादी जोडली आहे. ७५ टक्क्यांखाली हजेरी असलेल्यांचे रोल नंबर त्यात आहेत. यादीचा फोटो मी मुद्दाम टाकलेला नाही. आपल्या वर्गातले सहा जण आहेत, त्या सहाही जणांना मी वेगळा मेसेज केलाय. तुम्हाला मेसेज आला नसेल तर तुमचं नाव नाही.

ज्यांचं आहे त्यांनी घाबरू नका, पण ८ तारीख चुकवू नका. आजारपण असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि पालकांच्या सहीचं हमीपत्र विभागप्रमुखांकडे द्यायचं. इंग्रजीत पुढे 'फेलिंग विच' असं आहे. त्याचा अर्थ असा की हे दिलं नाही तर परीक्षेचा अर्ज कॉलेजकडून पुढे पाठवला जाणार नाही. म्हणजे तुम्ही ऑनलाइन भरलात, पैसे गेले, तरी अर्ज तिथेच अडकेल. हमीपत्राचा नमुना झेरॉक्सवाल्याकडे ठेवलाय. पालक खरोखर सही करू शकतील अशा वेळी घरी न्या. स्वतः सही ठोकू नका, मॅडम फोन लावून विचारतात.

शुक्रवार १० ऑक्टोबर, दुपारी १ पर्यंत (सर्वांनी)

तिसऱ्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज. ही सगळ्यात महत्त्वाची तारीख आहे आणि इथेच नोटीस चकवते. मराठीत आहे, 'दि. १०/१०/२०२५ पर्यंत अर्ज भरावेत'. हे वाचून कोणालाही वाटेल, रात्री बारापर्यंत वेळ आहे. इंग्रजी भागात मात्र त्याच तारखेसमोर लिहिलंय की अर्जाची सही केलेली प्रिंट त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत खिडकीवर जमा हवी. मी खिडकीवर विचारून आले. प्रिंट जमा झाली नाही तर ऑनलाइन अर्ज वेळेत भरलेला असूनही उशिरात धरतात. तेव्हा आपल्यासाठी शेवटचा दिवस गुरुवार ९ समजा. भरणं गुरुवारी रात्रीपर्यंत, जमा करणं शुक्रवारी सकाळी. खिडकी ११ ला उघडते.

गेल्या वर्षी आपल्याच वर्गातल्या एकीने रात्री साडेनऊला अर्ज भरला होता, सगळं बरोबर होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला दंड भरून रडत परत यावं लागलं. तिची चूक एवढीच, की तिने मराठीतलं वाक्य वाचलं. यंदा हे कोणाच्याही बाबतीत व्हायला नको.

भरताना विषयांची यादी एकदा बोट ठेवून वाचा. मेजर आणि मायनर आपोआप येतात, पण ओपन इलेक्टिव्ह काही जणांचा चुकीचा दिसतोय. आज फिजिक्सच्या दोघांना वाणिज्य शाखेचा विषय दिसला. तसं असेल तर पैसे भरू नका, आधी ऑफिसात दुरुस्त करून घ्या. पैसे भरल्यावर विषय बदलायला विद्यापीठात अर्ज करावा लागतो.

फी भरताना पैसे कटले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी पोर्टलवर बघा. एका फोनवरून पाच जणांचे अर्ज भरत असाल तर प्रत्येक वेळी लॉगआउट करा.

पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरचा विषय राहिलेल्यांसाठी : हे फक्त इंग्रजीत, चौथ्या मुद्द्यात आहे. प्रत्येक सेमिस्टरचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी प्रिंट. तिसऱ्याच्या अर्जात मागचे विषय आपोआप येत नाहीत. तारीख आणि वेळ तीच.

शनिवार ११ ते सोमवार १३ ऑक्टोबर

१० तारीख हुकली तरच. लेट फी १०० रुपये. मध्ये रविवार आहे, खिडकी बंद, म्हणजे प्रत्यक्षात दोनच दिवस. त्यानंतर १४ आणि १५ ला सुपर लेट, ५०० रुपये. १५ नंतर अर्ज घेणार नाहीत. तिथे 'नो फर्दर करस्पॉन्डन्स' असं ठळक अक्षरात आहे, म्हणजे नंतर विनंती अर्ज घेऊन गेलात तरी ऐकणार नाहीत.

सोमवार १३ ऑक्टोबर (सर्वांनी)

प्रॅक्टिकलची जर्नल्स सर्टिफाय करून घेण्याचा शेवटचा दिवस. सर्टिफाय नसलेलं जर्नल घेऊन प्रॅक्टिकलला बसता येणार नाही. केमिस्ट्रीच्या मॅडम गुरुवार-शुक्रवारीच सही करणार आहेत, असं त्यांनी वर्गात सांगितलंय (हे नोटिशीत नाही), म्हणून केमिस्ट्रीसाठी आपली तारीख १० आहे. इंडेक्सवर प्रत्येक प्रयोगासमोर तारीख आणि सही दोन्ही हवी. बॉटनीवाल्यांनी हर्बेरियमची फाइल सोबत द्यायची.

मंगळवार १४ ऑक्टोबर, दुपारी २ पर्यंत (स्कॉलरशिप आणि फी सवलत घेणाऱ्यांनी)

तारखेत घोळ आहे. मराठीत 'मंगळवार दि. १४', इंग्रजीत '१५/१०/२०२५'. स्कॉलरशिप विभागात जाऊन विचारलं, १४ बरोबर आहे असं सांगितलं. फलकावर अजून दुरुस्ती केलेली नाही, म्हणून कोणी १५ म्हणालं तर ऐकू नका.

ही कॉलेजात कागद जमा करण्याची तारीख आहे, पोर्टलची नाही. आधी mahadbt.maharashtra.gov.in वर अर्ज भरून सबमिट करायचा, मग प्रिंट आणि कागद खिडकीवर. आपण दुसऱ्या वर्षात आहोत, गेल्या वर्षी मंजूर झालेल्यांनी 'रिन्यूअल'मधून भरायचा. नवीन अर्ज केलात तर एकाच मुलाचे दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही अडकतात.

जोडायचे कागद, नोटिशीप्रमाणे : अर्जाची प्रिंट, पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरची मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला (लागू असेल तर), शिधापत्रिका, यंदाची फी पावती, आधार. सगळ्यांवर स्वतःची सही. बोनाफाईड लागणाऱ्यांनी तो आदल्या दिवशी मागावा, त्याच दिवशी मिळत नाही.

एक गोष्ट नोटिशीत नाही, पण सांगते. पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. myaadhaar.uidai.gov.in वर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा. तिथे जी बँक दिसेल ते खातं चालू आहे ना, एवढी खात्री करा. अर्ज कॉलेजने परत पाठवला तर मेसेज येईलच असं नाही, दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघत राहा.

गुरुवार १६ ऑक्टोबर

ग्रंथालयाची पुस्तकं परत. बाकी असेल तर हॉल तिकीट मिळणार नाही.

१७ ते २६ ऑक्टोबर दिवाळीची सुट्टी. वसुबारस शुक्रवारी १७ ला आहे, ऑफिसही त्या दिवसापासून बंद. म्हणजे वरचं कुठलंही काम 'दिवाळीनंतर बघू' म्हणून ठेवता येणार नाही. सोमवार २७ आणि मंगळवार २८ ला हॉल तिकीट मिळेल, ओळखपत्र आणा, दुसऱ्याचं दुसऱ्याला देणार नाहीत. बुधवार २९ पासून प्रॅक्टिकल, बॅचेस २७ ला लागतील. लांबून येणाऱ्यांनी भाऊबीजेनंतर गावाला थांबायचं ठरवलं असेल तर रविवारी २६ ला परतीची एसटी धरा.

एवढ्यात काही बदललं तर मी याच मेसेजला रिप्लाय करून टाकेन. वेगळा मेसेज करणार नाही, म्हणजे शोधावं लागणार नाही. फलकाच्या उजव्या कोपऱ्यात पेनने काहीतरी लिहिलंय, ट्यूबलाइटच्या चकाकीत फोटोत पुसट आलंय. सोमवारी सकाळी जाऊन वाचते आणि सांगते.

आपल्यातले चार जण व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत. दोघांशी मी फोनवर बोलले. उरलेले दोघं घाटावरच्या वस्तीवर राहतात, तिथे रेंज नसते. त्यांच्या गाडीने जो कोणी येतो त्याने सोमवारी त्यांना १० आणि १४ या दोन तारखा कागदावर लिहून द्या, आणि दिलं की इथे 'दिलं' एवढं टाका.