जोडलेला चेहरा ओळखणे: उजेड, कान आणि वाकलेली पार्श्वभूमी

पाठ टाचण. तासिका दोन, प्रत्येकी ४५ मिनिटांची. वयोगट १३ ते १६. वर्ग ३६ जणांचा, चौघांचा एक असे नऊ गट.

काय साधायचे

"फोटो खोटा आहे" असे ओरडायला मुलांना शिकवावे लागत नाही. शिकवायचे आहे ते बोट ठेवून सांगणे: नाकाची सावली डाव्या गालावर पडली आहे, हनुवटीची मानेवर उजवीकडे, म्हणजे चेहरा आणि मान एका दिव्याखाली नव्हते. दुसरे उद्दिष्ट याहून अवघड. विचित्र दिसणारा पण खरा फोटो निर्दोष ठरवून सोडून देता आला पाहिजे. म्हणून संचात खऱ्या-खोट्याचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवले आहे.

साहित्य आणि तयारी

टॉर्च, पांढरा चेंडू, दोन बाटल्या, दोरा, पट्ट्या, भिंगे, आणि प्रत्येक गटाला सहा फोटोंचा पूर्ण पानभर छापलेला रंगीत संच. मोबाइलवर दाखवू नये; मुले लगेच झूम करून ठिपके मोजत बसतात आणि अख्खा फोटो पाहायचा राहतो.

फोटो माझे आणि दोन सहकाऱ्यांचे आहेत, दोघांची लेखी परवानगी घेतली आहे. मुलांचे फोटो वापरायचे नाहीत. "सर, माझा करा ना" म्हणणारा निघतोच. त्यालाही नाही म्हणायचे. एकदा बनलेले चित्र वर्गाबाहेर कुठे जाईल ते आपल्या हातात नसते.

गेल्या वर्षी मी बदललेले फोटो विषम क्रमांकांना लावले होते आणि तिसऱ्या मिनिटाला एका मुलीने ते ओळखले. या वेळी क्रम असा:

चित्र १, खरा: मागे खिडकी, कान लालबुंद.
चित्र २, जोडलेला: सहकाऱ्याचा चेहरा माझ्या डोक्यावर, उजेड न जुळवता.
चित्र ३, जोडलेला: तोच प्रकार, उजेड नीट जुळवून. सोबत सहकाऱ्याचा मूळ फोटो, कान स्पष्ट दिसतील असा.
चित्र ४, खरा: रुंद लेन्सने जवळून काढलेला, कडेला दाराची चौकट वाकलेली.
चित्र ५, खरा: मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमधला, एका कानाची कड धूसर.
चित्र ६, बदललेला: चेहरा माझाच, जबडा आत ढकलून निमुळता केलेला. मागे चौकोनी फरशांची भिंत.

तासिका पहिली: उजेड

*प्रस्तावना, ५ मिनिटे.* अमेरिकेतले एक जुने छापील चित्र सांगायचे. अब्राहम लिंकन टेबलाशी रुबाबात उभे आहेत. धड मात्र जॉन कॅल्हून यांचे आहे. कॅल्हून गुलामगिरीचे कट्टर समर्थक, लिंकन ती संपवणारे. कॅल्हून यांचे चित्र १८५२ चे. पुढे त्यावर लिंकन यांचे डोके बसवले आणि टेबलावरच्या कागदांवरची अक्षरेही बदलली. मुद्दा एवढाच की कॉम्प्युटर यायच्या आधीपासून हे चालू आहे. इथे रेंगाळू नये, मुलांना टॉर्च हातात हवा असतो.

*प्रयोग, १५ मिनिटे.* पडदे ओढून चेंडूवर टॉर्च धरायचा. उजळ भाग कुठे संपतो आणि अंधारा कुठे सुरू होतो ती सीमारेषा मुलांनी वहीत काढायची. मग टॉर्च जवळ, लांब, वर, खाली. टॉर्चपुढे पातळ कागद धरला की सीमा पसरट आणि मऊ होते. कडक उजेड आणि मऊ उजेड हे शब्द इथेच द्यायचे, व्याख्या नंतर.

चेंडूच्या जागी चेहरा आहे असे समजून तीन जागा फळ्यावर लिहायच्या: नाकाची सावली, हनुवटीची मानेवरची सावली, डोळ्यांतला चमकता ठिपका. या तिन्हींत मानेवरची सावली सर्वांत बोलकी. चेहरा बसवणाऱ्याचे सगळे लक्ष चेहऱ्यावर असते. मान मूळ फोटोतलीच राहते आणि तिच्यावर जुन्या हनुवटीची सावली राहून जाते. डोळ्यांतले ठिपके दोन्ही डोळ्यांत साधारण सारख्याच जागी आणि सारख्याच आकाराचे हवेत. गोल रिंग लाइटसमोर बसले तर बुबुळात कडे दिसते, खिडकीसमोर बसले तर चौकोन. एका डोळ्यात कडे आणि दुसऱ्यात चौकोन असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. चष्मा असेल तर हा पुरावा बाजूला ठेवावा, काचा स्वतःची चमक मिसळतात.

*दोऱ्याची कसोटी, १५ मिनिटे.* दोन बाटल्या टेबलावर, टॉर्च त्यांच्या मागे वरच्या बाजूला. सावलीच्या टोकापासून बाटलीच्या टोकापर्यंत दोरा ताणायचा आणि तसाच पुढे न्यायचा. दोन्ही दोरे टॉर्चपाशीच भेटतात. फोटोतही हेच चालते: सावलीतला एक बिंदू, वस्तूवरचा त्याचा जोडीदार बिंदू, दोन्हींतून सरळ रेघ. दिवा एकच असेल तर अशा सगळ्या रेघा एका बिंदूकडे जातात. तो बिंदू कागदाच्या बाहेरही असू शकतो, तेव्हा संच मोठ्या कागदावर चिकटवून रेघ वाढवावी.

इथे हमखास होणारी चूक: "जमिनीवरच्या सावल्या समांतर नाहीत, म्हणून फोटो खोटा." उन्हातल्या सावल्या जमिनीवर समांतर असल्या तरी फोटोत त्या एकत्र येताना किंवा फाकताना दिसतात, रेल्वेचे रूळ दूरवर जुळल्यासारखे दिसतात तसेच. खडबडीत जमीन त्यात आणखी वळणे घालते. चंद्रावरचे फोटो खोटे ठरवणारे याच चुकीवर विसंबून असतात. वर्गात तो विषय निघाला तर निघू द्यावा, पण पाच मिनिटांत आवरावा.

*उरलेल्या १० मिनिटांत* चित्र १ आणि २. चित्र १ मधले लाल कान पाहून निम्मा वर्ग "एडिट केलंय" म्हणेल. मग एका हाताच्या बोटांमागे टॉर्च धरून दाखवायचा. कानाची पाळी पातळ असते. मागून उजेड आला की तो त्वचेतून आणि रक्तातून गाळून लाल होऊन येतो. फोटो निर्दोष. चित्र २ मध्ये गालावर कडक सावली आहे आणि मानेवर जवळपास काहीच नाही. मुलांना हे आपसूक सापडते, मदत करू नये.

तासिका दुसरी: कान, मग पार्श्वभूमी

पाठाचा जीव कानांत आहे, म्हणून तासिकेतली २५ मिनिटे त्यांना.

एक प्रश्न: "शेजाऱ्याकडे न बघता त्याचा कान काढा." कोणालाच येत नाही, आणि हशा पिकतो. आपण माणसाचे डोळे, नाक, ओठ बघतो. कान बघतच नाही. चेहरा जोडणाऱ्याचेही तसेच होते. साधारणपणे बदलतो तो भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग. कान, केसांची रेघ आणि मान मूळ माणसाची राहते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत: चेहरा पाहुण्याचा, कान घरमालकाचे.

कानाची वळणे सोप्या शब्दांत शिकवायची: बाहेरची कड, आतला उंचवटा, मधली खोलगट वाटी, कानाच्या छिद्रापुढचा छोटा टेंगूळ, खालची पाळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिस पोलिसांत अल्फोन्स बर्तियाँ गुन्हेगारांची ओळख पटवताना कानाच्या आकाराला फार महत्त्व देत असे, कारण तो माणसागणिक बदलतो.

जाता जाता: पाळी चिकटलेली की सुटी, हे एकाच जनुकाने ठरते असे मुलांनी कुठेतरी वाचलेले असते. ते तितके सरळ नाही. बरीच जनुके मिळून पाळीचा आकार ठरवतात आणि "चिकटलेली" ते "सुटी" यांच्या मध्ये सगळ्या पायऱ्या सापडतात. म्हणून तुलना करताना "चिकटलेली" एवढे लिहून भागत नाही, आकार रेखाटावा.

आता चित्र ३ आणि सोबतचा मूळ फोटो. गटाने दोन्हींतला एकाच बाजूचा कान वहीत मोठा करून काढायचा आणि फरक लिहायचे. तीन सूचना द्याव्यात. डावा कान डाव्याशीच ताडायचा, कारण एकाच माणसाचे दोन कानही हुबेहूब नसतात. फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, ते आधी पाहायचे. सेल्फीत हे सर्रास होते. आणि कानाची उंची बघायची: डोके सरळ असताना कान साधारण भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात बसतात. हनुवटी वर केली की ते खाली सरकल्यासारखे दिसतात, मान झुकवली की वर. चेहरा एका कलाचा आणि कान दुसऱ्या कलाचे, ही चूक कुशल माणूसही करतो. मी चित्र ३ मध्ये ती मुद्दाम ठेवलेली नाही, माझ्याकडून खरोखर झाली आणि तशीच राहू दिली.

कान केसांत झाकलेले असतील तर? मग पुरावा नाही. "दाखवता येत नाही" हे उत्तर वहीत लिहायला पूर्ण गुण आहेत.

*पार्श्वभूमी, १२ मिनिटे.* जबडा आत ढकलणारे अवजार फक्त जबडा ढकलत नाही, त्याच्या बाजूची भिंतही ओढते. चित्र ६ वर पट्टी ठेवली की फरशांची रेघ बरोबर जबड्याशेजारी फुगलेली दिसते आणि दोन फरशांपलीकडे पुन्हा सरळ होते. चित्र ४ मधली चौकटही वाकलेली आहे, पण तिची वाक वेगळी: फोटोच्या कडेकडे हळूहळू वाढत जाणारी, दोन्ही बाजूंना सारखी, माणसाशी संबंध नसलेली. ती लेन्सची. विचारायचा प्रश्न एकच: रेघ कुठे वाकली, माणसाजवळ की फोटोच्या कडेला?

चित्र ५ दोन मिनिटांत. मोबाइल पार्श्वभूमी धूसर करताना केस आणि कानाच्या कडांवर चुकतो. फोटोत फोनने ढवळाढवळ केली आहे, पण चेहरा त्याच माणसाचा आहे. यावर वर्गात वाद होईल, होऊ द्यावा.

*शेवटची ८ मिनिटे: या कसोट्या कुठे थिट्या पडतात.* पूर्णपणे कॉम्प्युटरने तयार केलेला चेहरा हा जोडलेला चेहरा नव्हे. त्यात कान आणि चेहरा एकत्रच जन्माला येतात. २०२२ मध्ये सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी असे चेहरे ४८ टक्के वेळा बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. शिकवणीनंतरही अचूकता ५९ टक्क्यांपर्यंतच गेली. हे आकडे मुलांपासून लपवू नयेत. तिथे फोटोपेक्षा तो कुठून आला, आधी कोणी टाकला हे शोधणे कामाचे.

कोणी "आमच्या ग्रुपवर एकीचा असा फोटो फिरतोय" असे सांगितले, तर तो वर्गात तपासायला घ्यायचा नाही, बघायला मागायचा नाही. तो पुढे पाठवायचा नाही एवढे सर्वांना सांगून त्या मुलाला तासिकेनंतर थांबवून घ्यायचे आणि समुपदेशक व मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवायचे.

मूल्यमापन (१० गुण)

प्रत्येक गटाने एका चित्राबद्दल तीन वाक्ये लिहायची: काय दिसते, त्याचे दुसरे साधे कारण काय असू शकते, आणि निष्कर्ष. निष्कर्षाला २ गुण, निरीक्षणाला ४, दुसऱ्या कारणाला ४. चुकीच्या निष्कर्षालाही ८ गुण मिळू शकतात. मुले यावर कुरकुर करतात. गुणविभागणी बदलू नये.

स्वाध्याय

घरातल्या एका वस्तूचा, माणसाचा नव्हे, खिडकीशेजारी सकाळी आणि संध्याकाळी फोटो काढायचा. दोन्हींवर सावलीच्या रेघा ओढून आणायच्या. संध्याकाळच्या फोटोत घरातला दिवा लागलेला असेल तर रेघा दोन ठिकाणी जमतील. त्या वस्तूचा फोटो खोटा का ठरत नाही, हे पुढच्या तासिकेला ज्याला सांगता येईल त्याने फळ्यापाशी यायचे.