बिलात दीड टन, घरी आलेला एसी एक टनाचा : बदलून मिळण्याबाबत

दिनांक : १६ एप्रिल २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
एसी विक्री विभाग, धरमपेठ शाखा,
नागपूर

विषय : बिल क्र. १८४६, दि. ९ एप्रिल २०२६ – बिलाप्रमाणे दीड टनाचा एसी बदलून देण्याबाबत

महोदय,

वरील बिलाने मी आपल्या दुकानातून दीड टनाचा, थ्री स्टार, इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. जीएसटीसह ४१,२०० रुपये त्याच दिवशी कार्डने भरले. १३ एप्रिलला आपल्या गाडीने माल घरी आला. तो एसी एक टनाचा आहे.

हे लक्षात आले ते काल, आपण पाठवलेला तंत्रज्ञ बसवायला आला तेव्हा. भिंतीला भोक पाडण्याआधी त्याने इनडोअर युनिटवरची पट्टी वाचली आणि मला बिल आणायला सांगितले. बिलात कूलिंग क्षमता ५,०५० वॅट लिहिली आहे, पट्टीवर ३,४५० वॅट. बिलातल्या मॉडेल क्रमांकात १८ हा आकडा आहे, म्हणजे १८,००० बीटीयू, दीड टन. आलेल्या युनिटच्या क्रमांकात त्या जागी १२ आहे. आउटडोअर युनिटचेही तेच. म्हणजे एखादा खोका चुकून बदललेला नाही, दोन्ही युनिट एक टनाचीच आहेत. तंत्रज्ञाने काम तिथेच थांबवले आणि जॉब शीटवर तशी नोंद करून सही दिली. त्याने न बघता एसी लावला असता तर हा घोळ आणखी वाढला असता. त्या मुलाचे आभार आपणही मानावेत.

डिलिव्हरीच्या चलनावर माझी सही आहे, पण ती ‘दोन खोकी मिळाली, बाहेरून ठीक’ एवढ्यापुरतीच. खोकी तंत्रज्ञानेच उघडावीत, असे आपल्या माणसाने बजावले होते, म्हणून आम्ही त्यांना हात लावला नाही.

काल संध्याकाळी दुकानात फोन केला तेव्हा दोन गोष्टी सुचवण्यात आल्या : खोली लहान असेल तर एक टन पुरेल, आणि हवे तर किमतीतला फरक परत देऊ. दोन्ही मला मान्य नाहीत. आमची खोली १४ बाय १२ फुटांची, सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. एक टनाचा एसी तिथे पूर्ण ताकदीने सतत चालत राहील, कॉम्प्रेसरला उसंत मिळणार नाही, आणि इन्व्हर्टरसाठी मोजलेल्या पैशांचा उपयोगच होणार नाही. खोलीत माझे सासरे असतात. वय ७८, हृदयाचा त्रास आहे, उकाडा त्यांना अजिबात सोसत नाही. ही सगळी माहिती सांगूनच आपल्या विक्रेत्याच्या सल्ल्याने मी दीड टन निवडला होता.

आणखी एक बाब फोनवर बोलायची राहिली, आणि मला ती क्षमतेइतकीच महत्त्वाची वाटते. बिलावर इनडोअरच्या सिरियल नंबरचे शेवटचे आकडे ४४१७ आहेत, घरातल्या युनिटवर २०९३. वॉरंटी ४४१७ वर नोंदली गेली असेल, तर घरातल्या यंत्रासाठी उद्या मी कोणाकडे जायचे? आणि बिलातला एसी दुसऱ्या कोणाच्या घरी गेला असेल, तर तेही ग्राहक अडचणीत येतील. आपल्या गोदामात हे एकदा तपासून घ्यावे.

म्हणून विनंती आहे की बिलातल्या मॉडेलचाच एसी, इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही, नव्या बंद खोक्यांत २३ एप्रिलपर्यंत पाठवावा. आत्ताचा माल आपल्या खर्चाने न्यावा आणि नेताना पोच द्यावी. नव्या युनिटचे सिरियल नंबर बिलावर व वॉरंटीत नोंदवावेत. तंत्रज्ञाच्या दुसऱ्या फेरीचे पैसे माझ्याकडून घेऊ नयेत. ते मॉडेल शिल्लक नसेल तर ४१,२०० रुपये कार्डवर परत करावेत. कमी क्षमतेचा किंवा कमी स्टारचा पर्याय मी घेणार नाही. सोबत घेतलेल्या स्टॅबिलायझरबद्दल तक्रार नाही, तो ठेवत आहे.

आपल्या दुकानातून आम्ही पूर्वी फ्रिज आणि वॉशिंग मशीन घेतले, कधी तक्रारीची वेळ आली नाही. त्यामुळे हेही दुकानातच मिटेल असा भरवसा आहे. तरीही वरील तारखेपर्यंत काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

दोन्ही युनिट खोक्यांसह घरी जशीच्या तशी ठेवली आहेत. माल बदलायला कोणत्याही दिवशी सकाळी ११ नंतर यावे, येण्याआधी बिलावरच्या माझ्या मोबाइलवर कळवावे.

आपली,
माधुरी ढोबळे
मानेवाडा, नागपूर

सोबत : बिलाची व चलनाची प्रत, जॉब शीटची प्रत, दोन्ही युनिटवरच्या पट्ट्यांचे आणि स्टार लेबलचे फोटो.