दीड आणि अडीचच्या वायरचा माल अस्सल असल्याचा पुरावा मिळण्याबाबत

दि. १७ नोव्हेंबर २०२५
धायरी फाटा, सिंहगड रस्ता, पुणे

प्रति,
महेशशेठ,
तपकीर गल्ली, बुधवार पेठ, पुणे

विषय : बिल क्र. ४१७, दि. ४ नोव्हेंबर २०२५. दीडची ४० व अडीचची २५ बंडलं, करासह एकूण रक्कम १,६४,१३८ रुपये.

महेशशेठ, स.न.वि.वि.

दिवाळीनंतरचा पहिला माल तुमच्याकडून आला तो वरच्या बिलाचा. त्यातली वायर खरोखर कंपनीचीच आहे का, याबद्दल मला शंका आहे. फोनवर दोनदा बोलणं झालं. "आपल्याकडे डुप्लिकेट येतच नाही, बिनधास्त विका," असं तुम्ही म्हणालात. तुमच्या शब्दावर मी वर्षानुवर्षं माल उचलला आहे आणि तुमच्या हेतूबद्दल आजही मनात काही नाही. पण ही गोष्ट शब्दावर सोडता येण्यासारखी नाही, म्हणून लेखी कळवतो आहे.

शंका कशामुळे आली ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हालाही कंपनीकडे विचारताना सोपं जाईल. आमच्याकडे नेहमी येणारे वायरमन अडीचची दोन बंडलं नऱ्ह्याच्या एका फ्लॅटच्या कामाला घेऊन गेले होते. वायर सोलताना वरचं प्लास्टिक नेहमीपेक्षा सैल निघतंय आणि आतला तारांचा पीळ बारीक लागतोय, असा त्यांचा फोन आला. पाइपातून वायर ओढायचं काम तिथेच थांबवून त्यांनी दोन्ही बंडलं परत आणली. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी दीडचं एक नवं बंडल आणि जुन्या स्टॉकमधलं त्याच ब्रँडचं, न उघडलेलं एक बंडल शेजारी ठेवून तपासलं. वजनात तीनेकशे ग्रॅमचा फरक आला. मग दोन्हींची टोकं सोलून मल्टिमीटर लावला. दीडच्या तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम असायला हवा, म्हणजे ९० मीटरच्या बंडलाला साधारण १.२. जुन्या बंडलाला तेवढाच आला. नव्याला १.७ आला. मल्टिमीटर साधा आहे, हवेतल्या गरमीनेही आकडा थोडा वर जातो, हे मला ठाऊक आहे. पण एकाच मीटरने, एकाच वेळी, एकाच टेबलावर मोजलेल्या दोन बंडलांत एवढा फरक तेवढ्याने पडत नाही. वजन कमी आणि रोध जास्त, या दोन्हींचा मेळ एकाच गोष्टीशी बसतो, तो म्हणजे आत तांबं कमी आहे. तार ब्लेडने खरवडून पाहिली, आतून ॲल्युमिनियम निघालं नाही. तांबं आहे, पण दीडचं भरेल एवढं वाटत नाही.

खोक्यावर एफआर लिहिलं आहे. एफआर वायर ज्योत बाजूला केली की विझली पाहिजे. नवा तुकडा काडी दूर नेल्यावरही पेटत राहिला आणि त्याचे थेंब गळत होते. जुना तुकडा लगेच विझला.

मग खोकी बघितली. तुमच्याकडूनच आलेल्या आधीच्या मालात प्रत्येक बंडलाचा अनुक्रमांक वेगळा आहे. या मालात दीडच्या सगळ्या खोक्यांवर एकच क्रमांक, आणि अडीचच्या खोक्यांवरही तोच. आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक मी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहिला. क्रमांक खरा आहे, चालू आहे आणि कंपनीच्याच नावावर आहे. पण हा परवाना एका कारखान्यापुरता दिलेला असतो, आणि ॲपमध्ये दिसणारा कारखान्याचा पत्ता खोक्यावरच्या पत्त्याशी जुळत नाही. कंपनीचे कारखाने एकाहून जास्त असतील, पण मग प्रत्येकाचा सीएम/एल वेगळा असायला हवा. म्हणून "ॲपमध्ये नंबर दिसतोय ना, मग झालं" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. खरा क्रमांक कुणालाही खोक्यावर छापून घेता येतो.

दराचंही लिहायला हवं. या वेळी तुम्ही नेहमीपेक्षा ८ टक्के जास्त सूट दिलीत. स्कीम आहे असं सांगितलंत आणि मी मानलं. पण वायर हा तांब्याच्या भावावर चालणारा माल आहे, त्यात कुणाच्याही हातात एवढा वाव राहत नाही. कंपनीची स्कीम असेल तर तिचं परिपत्रक असेल. तेही पाठवा.

आता मला काय हवं आहे ते. तुमच्या दुकानात लावलेलं डीलरशिपचं प्रमाणपत्र मी पाहिलं आहे. तुम्ही त्या कंपनीचे डीलर आहात एवढं त्यावरून कळतं. माझ्या गोडाऊनमधली ही ६५ बंडलं कंपनीतूनच निघाली, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कंपनीने किंवा तिच्या अधिकृत स्टॉकिस्टने तुमच्या नावाने फाडलेलं, याच मालाचं खरेदी बिल लागेल. कंपनीच्या उलाढालीनुसार ते ई-इनव्हॉइस असणार, म्हणजे त्यावर आयआरएन आणि क्यूआर कोड असेल. तो जीएसटीच्या ॲपमध्ये तपासता येतो, त्यामुळे झेरॉक्सवरचा कोड स्पष्ट दिसेल अशी प्रत द्या. सोबत तो माल तुमच्यापर्यंत आला त्याचं ई-वे बिल. तुमचा खरेदीदर मला बघायचा नाही, दराच्या रकान्यावर खुशाल कागद ठेवून झेरॉक्स काढा. मला तारीख, नग, मालाचं वर्णन आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसलं की पुरे. मधे आणखी कुणी व्यापारी असेल, म्हणजे तुम्ही हा लॉट कंपनीकडून न घेता दुसऱ्या पार्टीकडून घेतला असेल, तर तसं स्पष्ट सांगा आणि त्या पार्टीचं बिलही द्या. तसं असलं तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. बाजारात माल कमी पडला की एकमेकांकडून उचलावा लागतो. पण साखळीतला मधला दुवा कोण, हे मला कळलं पाहिजे.

याखेरीज कंपनीच्या लेटरहेडवर किंवा कंपनीच्या ईमेलवरून दोन ओळींचं पत्र हवं, की हा बॅच क्रमांक आणि हे अनुक्रमांक आमच्याच कारखान्याचे आहेत. सगळ्या खोक्यांचे फोटो मी तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत. तेच कंपनीच्या सेल्स ऑफिसरला पुढे पाठवलेत तरी काम होईल. सेल्समनचा "ओके आहे" असा मेसेज मात्र चालणार नाही.

एवढा आग्रह का, तेही सांगतो. अडीचची वायर लोक गीझरसाठी टाकतात. दोन किलोवॉटचा गीझर ८-९ अँपिअर घेतो. आत तांबं कमी असेल तर तेवढ्याच करंटला वायर जास्त तापते, आणि एमसीबी पडत नाही, कारण एमसीबीच्या हिशेबाने करंट मर्यादेतच असतो. एमसीबी निवडताना वायर छापल्याप्रमाणे अडीचची आहे असंच धरलेलं असतं. वर पुट्टी आणि रंग होऊन गेला की त्या भिंतीत काय आहे हे कुणी बघायला जात नाही. धायरी, नऱ्हे, वडगाव भागात कर्ज काढून पहिलं घर घेणारी माणसं माझं गिऱ्हाईक आहेत. त्यांना यातलं काही कळत नाही. ते ब्रँडचं नाव आणि माझं तोंड बघून जास्तीचे पैसे मोजतात. त्यांच्या घरात हे जाऊ द्यायला माझा जीव धजत नाही.

कायद्याची बाजूही आहे. बीआयएस कायदा, २०१६ फक्त बनवणाऱ्याला लागू नाही. प्रमाणित नसलेला माल विकणं आणि विकण्यासाठी साठवणं यालाही त्याच्या कलम १७ ने बंदी आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली खोटं बोधचिन्ह असलेला माल विकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. त्यातून सुटायचं तर आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, संशय यायला कारण नव्हतं आणि माल कुणाकडून घेतला ते विचारल्यावर सांगितलं, हे दुकानदाराला दाखवावं लागतं. मला आता संशय आला आहे. यापुढे एक मीटर जरी विकला तरी "मला ठाऊक नव्हतं" असं म्हणता येणार नाही. हे पत्र तुमच्या हाती पडल्यावर तुम्हालाही म्हणता येणार नाही. ही धमकी समजू नका. आपण दोघं एकाच बाजूला आहोत, म्हणून उघडपणे लिहितो आहे.

सध्या सगळा माल मी वेगळा काढून ठेवला आहे आणि त्यातलं काहीही विकत नाही. तपासणीसाठी उघडलेली तीन बंडलं त्यांच्या खोक्यांसह जपून ठेवली आहेत, बाकी ६२ बंडलं सीलबंद आहेत. तुमचा माणूस येऊन कधीही मोजून जाऊ शकतो. कागद पाहूनही माझी शंका राहिली, किंवा माझी मोजणी तुम्हाला मान्य नसली, तर एक मार्ग सुचवतो. तुमच्या-माझ्यासमोर दीड आणि अडीचचं एकेक सीलबंद बंडल निवडू, त्यावर दोघांच्या सह्या करून एनएबीएल मान्यतेच्या लॅबला आयएस ६९४ प्रमाणे तपासणीला पाठवू. निकाल चांगला आला तर तपासणीचा खर्च माझा आणि माल मी आनंदाने विकीन. नापास झाला तर खर्च तुमचा, सगळा माल परत आणि पूर्ण रकमेची क्रेडिट नोट. मात्र तसं झालं तर तो माल तुम्हीही पुढे कुणाला देऊ नका, कंपनीच्या ताब्यात द्या. हे मी अट म्हणून लिहितो आहे, कारण माझ्याकडून परत गेलेलं बंडल दुसऱ्या दुकानातून पुन्हा त्याच भिंतीत जाणार असेल तर परत पाठवण्याला अर्थ नाही.

पैशांचं सांगतो. बिलाची मुदत ४ डिसेंबरला संपते. खातरजमा होईपर्यंत या बिलाची रक्कम मी रोखून ठेवतो आहे. आधीच्या बिलांची बाकी, म्हणजे पाइप, बेंड आणि मॉड्युलर बॉक्सची, ठरल्या तारखेला जमा होईल. त्यात काही अडचण नाही. या महिन्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये हे बिल कसं धरायचं हे माझ्या सीएंना विचारावं लागेल, म्हणून उत्तर शनिवारी, २२ नोव्हेंबरपर्यंत मिळालं तर बरं होईल. तोवर काही आलं नाही तर मी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे खोक्यांचे फोटो पाठवून थेट विचारणार आहे, आणि त्यांनी विचारलं तर माल कुठून आला हे सांगावं लागेल. ते तुम्हाला न सांगता करायचं नाही, म्हणून आजच कळवतो.

याच लॉटचा माल तुम्ही आणखी कुणाला दिला असेल तर त्यांनाही विक्री थांबवायला सांगा. मला उत्तर थोडं उशिरा आलं तरी चालेल, पण त्यांना आजच फोन करा.

कागद दुकानावर पाठवले तरी चालतील. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ मी असतो, नसलो तर आमच्या सौ. घेतील आणि पोच देतील. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून सही करून आणणाऱ्या मुलाजवळ द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपला,
सुहास
इलेक्ट्रिकलचं दुकान, धायरी फाटा

सोबत : बिल क्र. ४१७ ची झेरॉक्स, खोक्यांच्या लेबलांचे छापील फोटो, जुन्या व नव्या वायरीचे एकेक फुटाचे तुकडे (चिठ्ठी लावून).